कर्जाच्या अटी आणि मोझांबिकचा काजू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंतरराष्ट्रीय कर्जदात्या संस्थांच्या अटींवर बोलताना चर्चा लगेच घोषणांवर जाते. एका बाजूला ‘गरीब देशांची पिळवणूक’, दुसऱ्या बाजूला ‘कडू पण आवश्यक औषध’. म्हणून इथे एकच अट घेतली आहे: मोझांबिकने कच्च्या काजूवरचा निर्यात कर कमी करावा, ही १९९५ सालची जागतिक बँकेची अट. ती कशी घातली गेली, तिच्यामुळे कोणाच्या खिशात किती पैसे गेले आणि सरकारच्या हातातला निर्णय कसा निसटला, हे बघितले की संरचनात्मक समायोजनावरची टीका नेमकी कशाबद्दल आहे ते समजते.

कर्जाची ‘अट’ म्हणजे नेमके काय? व्याजदर आणि परतफेडीची मुदत का?

नाही. व्याज आणि मुदत हा पैशाचा व्यवहार झाला. इथे अट म्हणजे कर्जदार देशाने आपल्या धोरणात करायचा बदल. कर्ज एकरकमी मिळत नाही, हप्त्यांत मिळते, आणि प्रत्येक हप्त्याआधी आढावा होतो. आढाव्यात ठरलेल्या गोष्टी झालेल्या दिसल्या नाहीत तर हप्ता थांबतो.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जात या गोष्टी साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार म्हणजे मंजुरीआधीच पूर्ण करायची कामे. उदाहरणार्थ, एखादा कायदा संसदेत मांडणे किंवा इंधनाचे दर वाढवणे. दुसरा प्रकार आकड्यांच्या मर्यादांचा: तूट इतकीच, मध्यवर्ती बँकेने सरकारला दिलेली उचल इतकीच, परकीय गंगाजळी किमान इतकी. या मोडल्या तर संचालक मंडळाकडून रीतसर सूट घ्यावी लागते. तिसरा प्रकार संरचनात्मक टप्प्यांचा, म्हणजे अमुक तारखेपर्यंत अमुक सरकारी कंपनी विकणे, अमुक कर बदलणे वगैरे. जागतिक बँकेच्या धोरण-कर्जात साधारण हेच काम कृतींचा एक तक्ता करतो.

कागदावर हे सगळे कर्जदार देश स्वतःहून मागतो. अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर यांच्या सहीचे पत्र नाणेनिधीला जाते आणि त्यात ‘आमचे सरकार पुढील पावले उचलणार आहे’ असे लिहिलेले असते. मसुदा मात्र बहुतेक वेळा भेटीला आलेल्या पथकाबरोबर बसून तयार झालेला असतो. ‘हे तर त्यांच्याच सरकारचे धोरण’ असे उत्तर नंतर ऐकू आले, तर त्याचे मूळ या पत्रात असते.

मग ‘संरचनात्मक समायोजन’ वेगळे कशामुळे?

पूर्वीच्या अटी मुख्यतः तूट, पतपुरवठा आणि विनिमय दर यांपुरत्या होत्या. १९८० पासून जागतिक बँकेने संरचनात्मक समायोजनाची कर्जे सुरू केली, आणि १९८६-८७ मध्ये नाणेनिधीने गरीब देशांसाठी तशाच सवलतीच्या योजना काढल्या. आता अटी अर्थव्यवस्थेच्या रचनेत शिरल्या: आयात-निर्यात कर, शेतमालाची खरेदी मंडळे, सरकारी उद्योगांची विक्री, अनुदाने. देशाने खर्च किती करावा यापेक्षा देशाने कोणता उद्योग जगवावा हा प्रश्न वॉशिंग्टनच्या टेबलावर गेला. टीका मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या अटींवर आहे, आणि ती वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. तूट आवरा म्हणणे आणि काजूवरचा कर काढा म्हणणे यांत अंतर आहे.

मोझांबिकवर काजूची अट का आली?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगातला सर्वात मोठा काजू उत्पादक होता. वर्षाला दोन लाख टनांच्या आसपास काजू बी निघत असे. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७८ मध्ये सरकारने काजू बीच्या निर्यातीवर बंदी घातली, कारण बी देशातच फोडून काजूगर विकायचा होता. १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चालले. गावे उठली, नवी लागवड थांबली, उत्पादन कोसळले.

देश १९८४ मध्ये दोन्ही संस्थांचा सदस्य झाला आणि १९८७ मध्ये समायोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काजू बीच्या निर्यातीला मर्यादित परवानगी मिळाली, पण तिच्यावर कोटा आणि जबर कर होता. १९९४-९५ मध्ये सरकारी काजू कारखाने खासगी मालकांना विकले गेले. त्यांनी ते घेतले ते बीवरचे हे संरक्षण टिकेल या भरवशावर.

आणि नेमके १९९५ मध्येच बँकेने पुढच्या कर्जांसाठी काजू व्यापार खुला करणे ही आवश्यक अट केली. कोटा काढायचा, निर्यात कर २० टक्क्यांवर आणायचा आणि मग टप्प्याटप्प्याने शून्य करायचा. पुढच्याच हंगामात कर १४ टक्के झाला. एकाच कार्यक्रमाच्या एका हाताने कारखाने विकायला लावले आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या हिशेबाचा पाया काढून घेतला.

बँकेचा युक्तिवाद काय होता? तो मूर्खपणाचा होता का?

मुळीच नाही. निर्यात कर असला की देशातला बीचा भाव जागतिक भावापेक्षा कमी राहतो. त्याचा फायदा कारखान्याला होतो आणि तोटा शेतकऱ्याला. शेतकरी संख्येने कितीतरी जास्त आणि कितीतरी गरीब. त्यातून कारखाने जुन्या, मोठ्या यंत्रांवर चालणारे. यंत्राने बी फोडली की गराचे तुकडे जास्त होतात आणि तुकड्याला अख्ख्या गराइतका भाव मिळत नाही. अशा कारखान्यांना जगवण्यासाठी लाखो शेतकऱ्यांनी का मोजावे, हा प्रश्न रास्त होता.

अडचण होती ती पुढच्या गृहीतात: कर कमी केला की ती रक्कम शेतकऱ्याच्या हातात पडेल, आणि चांगला भाव बघून तो नवी झाडे लावेल.

निर्यात कर थोडासा कमी केल्याने कारखाना बंद कसा पडतो? २० चा १४ झाला, इतकेच ना?

हे आकड्यांत बघावे लागते. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले गोल आकडे आहेत, पण त्यांची प्रमाणे धंद्याला धरून आहेत.

समजा काजू बीचा निर्यात भाव टनाला ७५० डॉलर आहे. पाच टन बी फोडली की एक टन गर निघतो आणि तो ४,५०० डॉलरला विकला जातो. फोडणे, सोलणे, प्रतवारी, पॅकिंग यांचा खर्च टनभर गरामागे ९०० डॉलर.

कर शून्य असेल तर कारखान्याला बी ७५० नेच घ्यावी लागते, कारण व्यापाऱ्याला तेवढे बाहेर मिळतात. पाच टनांचे ३,७५० झाले. उरले ७५०, खर्च ९००. तोटा.

कर २० टक्के असेल तर निर्यात करणाऱ्याच्या हातात ६०० पडतात, म्हणून कारखान्यालाही बी ६०० ला मिळते. पाच टनांचे ३,०००, उरले १,५००. खर्च जाऊन ६०० शिल्लक. कर १४ टक्के केला की बी ६४५ ला, पाच टनांचे ३,२२५, उरले १,२७५. खर्च जाऊन ३७५.

म्हणजे कर २० वरून १४ टक्क्यांवर आला, पण शिल्लक ६०० वरून ३७५ वर आली, तिसऱ्या हिश्शाहून जास्त घट. कर बीच्या पूर्ण किमतीवर बसतो आणि कारखान्याची कमाई मात्र बी व गर यांच्या किमतीतल्या चिंचोळ्या फरकावर असते, त्यामुळे असे होते.

आता व्याज धरा. काजूचा हंगाम काही महिन्यांचा असतो. वर्षभर कारखाना चालवायचा तर बी हंगामातच खरेदी करून गोदामात ठेवावी लागते, तेही कर्ज काढून. हिशेबापुरता वर्षाला ३० टक्के व्याजदर आणि माल सरासरी सहा महिने पडून, असे धरले तर ३,२२५ वर सुमारे ४८५ डॉलर व्याज होते. ३७५ ची शिल्लक उलटून ११० चा तोटा झाला. २० टक्के करावर तोच हिशेब केला तर ३,००० वर व्याज ४५० आणि शिल्लक १५०, म्हणजे कारखाना रडतखडत पण चालतो.

युद्धानंतरच्या त्या वर्षांत मोझांबिकमधले व्याजदर खरोखर चढे होते, आणि महागाई आवरण्यासाठी पतपुरवठा आवळून धरणे हा नाणेनिधीच्या कार्यक्रमाचा भाग होता. दोन वेगळ्या संस्थांच्या, स्वतंत्रपणे बघितल्या तर समर्थनीय वाटणाऱ्या दोन अटी एकाच कारखान्यावर एकदम पडल्या. अटी तपासताना त्या सुट्या तपासल्या जातात. देशाला मात्र त्या एकत्र सोसाव्या लागतात.

शेतकऱ्याला तरी फायदा झाला का?

झाला, पण फार थोडा. या प्रकरणाचा सर्वात काटेकोर अभ्यास मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरेन हॉर्न वेल्च या अर्थतज्ज्ञांनी केला. त्यांच्या अंदाजानुसार शेतकऱ्यांचा निव्वळ लाभ वर्षाला फार तर ५३ लाख डॉलर होता. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला हे वर्षाला ५.३० डॉलर पडतात, दिवसाला दीड सेंटसुद्धा नाही. व्यापार खुला झाल्याचा थेट लाभ देशाच्या उत्पन्नाच्या ०.१४ टक्के इतकाच निघाला आणि शहरांतल्या बेकारीच्या किमतीने तो बऱ्याच अंशी पुसला गेला. काजू कारखान्यांत सुमारे दहा हजार माणसे होती, त्यांत बायका मोठ्या संख्येने. २००१ पर्यंत त्यांतल्या बहुतेकांचे काम गेले होते.

इतका कमी फायदा का, हे वरच्याच उदाहरणावरून दिसते. कर २० चा १४ झाल्यावर टनामागे ४५ डॉलर सुटले. वर्षाला १०० किलो बी विकणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला, सगळेच्या सगळे त्याला मिळाले तरी, साडेचार डॉलर येतात. मधल्या व्यापाऱ्याने निम्मे ठेवले तर सव्वादोन.

मधल्या व्यापाऱ्याने का ठेवले? खुल्या बाजारात स्पर्धा असते ना?

स्पर्धा असायला खरेदीदार अनेक लागतात. उत्तरेतल्या नामपुलासारख्या भागांत गावापर्यंत जाणारा व्यापारी बहुधा एखाददुसराच. रस्ते खराब, ट्रक मोजके, रोख पैसा त्याच्याच हातात. बंदरावर भाव किती आहे हे शेतकऱ्याला कळायची सोय नाही. कर कागदावर काढता येतो, पण ट्रक आणि रस्ता तसा उभा राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कच्च्या बीचा बाहेरचा ग्राहक जवळजवळ एकच होता, भारत. काजूगराला अनेक देशांत गिऱ्हाईक आहे, पण बी मोठ्या प्रमाणावर हाताने फोडणारे कारखाने तेव्हा भारतातच होते. गर विकणे सोडून बी विकायला लागणे म्हणजे अनेक ग्राहकांचा बाजार सोडून एकाच्या दारात उभे राहणे.

आणि लागवड? काजूचे झाड लावले की फळाला काही वर्षे लागतात. सरकारने हा कर बाहेरच्या दबावाखाली कमी केला आहे, संसदेत आणि कामगार संघटनेत विरोध आहे, उद्या तो पुन्हा वाढू शकतो, हे दिसत असताना झाडांत पैसा कोण घालणार? लादलेल्या सुधारणेवर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि विश्वास नसला की ती सुधारणा ज्यावर उभी आहे ती गुंतवणूकच होत नाही.

सरकारने सरळ नकार का दिला नाही?

कारण पणाला फक्त काजूचे कर्ज नव्हते. मोझांबिकच्या सरकारी खर्चाचा मोठा हिस्सा परदेशी मदतीवर चालत होता. द्विपक्षीय देणगीदार देश आपला पैसा देताना ‘नाणेनिधीचा कार्यक्रम रुळावर आहे ना?’ एवढेच विचारतात. कर्जफेडीची मुदत वाढवणारे धनको देशही हेच विचारतात. १९९६ पासून अतिकर्जबाजारी गरीब देशांना कर्जमाफीची योजना आली, तिचीही हीच पूर्वअट. कार्यक्रम रुळावरून घसरला की एक हप्ता थांबत नाही, सगळे नळ एकदम बंद होतात.

म्हणून ‘सही तर त्यांनीच केली’ हा मुद्दा अपुरा आहे. सही करणारा अर्थमंत्री एका करावर निर्णय देत नव्हता, शाळा-दवाखान्यांच्या पूर्ण अंदाजपत्रकावर देत होता. शिवाय या संस्थांत मत सदस्याच्या आर्थिक वजनाप्रमाणे असते. नाणेनिधीत एकट्या अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के मते आहेत, तर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या चाळीसहून अधिक आफ्रिकी देशांसाठी अनेक वर्षे मिळून दोनच संचालक होते.

अट चुकीची ठरल्यावर ती मागे घेतली गेली का?

हळूहळू, आणि मोबदला न देता. १९९७ च्या सुरुवातीला जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन राजधानी मापुटोला आले. उद्योगाच्या आणि कामगारांच्या तक्रारी ऐकून त्यांनी नव्या अभ्यासाला संमती दिली. तो डेलॉइट अँड टूश या कंपनीने केला. निष्कर्ष असा की शेतकऱ्याला भावाचा फारसा लाभ पोहोचलेला नाही आणि प्रक्रिया उद्योगाला काही काळ संरक्षण हवे. बँकेचा आग्रह सैल झाला. १९९९ मध्ये संसदेने स्वतःचा कायदा केला, निर्यात कर १८ ते २२ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवला आणि बी खरेदीत देशी कारखान्यांना प्राधान्य दिले. नाणेनिधीनेही पुढे विरोध सोडला.

तोवर मोठे कारखाने बंद पडले होते. कर परत लावता येतो. विखुरलेले कामगार, थकलेली कर्जे आणि गंजलेली यंत्रे तशी परत येत नाहीत. या काळात चुकीची पूर्ण किंमत मोझांबिकने दिली. ज्या संस्थेने अट घातली तिचे कर्ज मात्र फेडायचेच होते.

पण युद्ध, म्हातारी झाडे, रोग यांचा दोष नाही का? सगळे अटीच्या माथी का?

दोष आहे, आणि मोठा आहे. उत्पादन घसरले ते अटीच्या कितीतरी आधी. झाडे जुनी होती, भुरी रोगाने मोहोर जात होता, कारखान्यांची यंत्रे कालबाह्य होती. अट नसती तर सगळे कारखाने तगले असते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

तरी नंतर जे घडले ते बोलके आहे. २००० नंतर नामपुला प्रांतात लहान कारखाने उभे राहिले. त्यांनी मोठी यंत्रे टाळून हाताने चालवायची, अख्खा गर जास्त देणारी पद्धत घेतली, आणि काही हजार लोकांना पुन्हा काम मिळाले. बीवरचा निर्यात कर तेव्हा लागूच होता. म्हणजे जुन्या यंत्रांबद्दल बँक बरोबर होती, पण ‘मोझांबिकला काजू फोडणे परवडणारच नाही’ या निष्कर्षात चूक होती. योग्य तंत्र शोधायला लागणारी पाच-सात वर्षे आणि तेवढा काळ टिकणारा कर, हा पर्याय १९९५ मध्ये टेबलावर आलाच नाही. धोरणाची निवड कमकुवत होते म्हणतात ती अशी.

आता हे सगळे बदलले आहे ना?

काही बदलले. १९९९ मध्ये दोन्ही संस्थांनी दारिद्र्यनिर्मूलनाची रणनीती देशानेच लिहावी अशी पद्धत आणली. २००२ मध्ये नाणेनिधीने अटी कमी आणि उद्दिष्टाला आवश्यक तेवढ्याच ठेवण्याचे नियम केले. २००९ मध्ये संरचनात्मक गोष्टींसाठी रीतसर सूट मागण्याची सक्ती काढली. त्या आता आढाव्यात एकत्र बघितल्या जातात.

न बदललेली गोष्ट म्हणजे ‘कार्यक्रम रुळावर आहे’ या शिक्क्याचे वजन. आणि मंजुरीआधी पूर्ण करायची कामे अजूनही आहेत. ती तर सूट नसलेल्या अटी.

एखाद्या देशाच्या चालू कार्यक्रमात अशी अट आहे का, हे कसे शोधायचे?

बहुतेक कार्यक्रमांचे अहवाल नाणेनिधीच्या संकेतस्थळावर मिळतात. आधी शेवटचे तक्ते उघडा, प्रास्ताविक नंतर वाचा. मंजुरीआधीची कामे आणि संरचनात्मक टप्पे तिथे तारखांसह असतात. २००२ पासूनच्या अटी नाणेनिधीच्या ‘मोना’ नावाच्या माहितीसंचातही आहेत. मग त्याच काळातला जागतिक बँकेच्या धोरण-कर्जाचा तक्ता शेजारी ठेवा. तीच कृती दोन्हीकडे असेल तर देशाला एकाकडे नाही म्हणून दुसऱ्याकडे जायची वाट नाही.

त्यानंतर प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारा. ही नसती तर कर्जाची परतफेड खरेच धोक्यात येते का? काजूच्या करात तसे काही नव्हते. फायदा ज्याला व्हायचा त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मधली कडी कोणती, आणि ती आज आहे का? आणि अट चुकली तर ती किती दिवसांत उलटवता येते? व्याजदर महिन्यात बदलता येतो. विकलेली कंपनी किंवा बंद पडलेला कारखाना नाही, म्हणून अशा अटींना मुदत सर्वात जास्त हवी. तक्त्यांत बहुधा उलटे दिसते: न उलटणारी कामेच पहिल्या आढाव्याच्या आत करायला सांगितलेली असतात, कारण तेव्हा देशाला पैशाची घाई सर्वाधिक असते.